पंचवीस टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर: घरच्या कंपनीत शेअर वाटून डावललं, तर अर्ज कसा करायचा

वागळे इस्टेटमधली किंवा रबाळे-तुर्भ्याची छोटी प्रायव्हेट लिमिटेड बघा. बाहेरून कंपनी, आतून घर. मीटिंग जेवणाच्या टेबलावर होते आणि सही मागायला कारखान्यातला मुलगा स्कूटरवर फाइल घेऊन येतो. वडील असतात तोवर हे चालतं. ते गेले की एखाद्या वर्षी कोणीतरी कागद बघतं आणि कळतं, की आपला हिस्सा केव्हाच आटलाय.

मी ठाण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करतो. ऑप्रेशन-मिसमॅनेजमेंटचा अर्ज, म्हणजे सभासदावरचा जाच आणि कंपनीचा गैरकारभार यांविरुद्ध कंपनी कायदा 2013 च्या कलम 241-242 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एनसीएलटी या ट्रिब्युनलपुढे, करायचा अर्ज, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. या विषयात भांडणं शंभर तऱ्हेची असतात. मी एकच धरतो, कारण घरच्या कंपन्यांत मला तीच सर्वांत जास्त दिसते: स्वतःच्या नावावर नवे शेअर काढून दुसऱ्याचा हिस्सा पातळ करणं.

एक बेतलेलं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या प्लॉटवर इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पेट्या बनवणारी कंपनी. शंभर रुपये दर्शनी किमतीचे एकूण 10,000 शेअर. दादाकडे 4,500, धाकट्याकडे 3,000, ताईकडे 2,500. तिघंही डायरेक्टर. धाकटा नोकरीसाठी दुबईत, ताई खारघरला. कारखाना दादा बघतो. जुलै 2024 मध्ये ताईने प्लॉटचे कागद मागितले, तेव्हापासून दादाने फोन उचलणं बंद केलं. जून 2025 मध्ये तिला कळलं, की दादा आणि वहिनी यांना मिळून 20,000 नवे शेअर वाटले आहेत आणि आपण डायरेक्टरही राहिलेलो नाही.

गणित करून बघा. एकूण शेअर 30,000 झाले. ताईचे 2,500 म्हणजे आता 8.33 टक्के, आधी ते 25 होते. दादाकडे आधी 45 टक्के होते, म्हणजे भावंडं एकत्र आली तर तो साधा ठरावही एकट्याने करू शकत नव्हता. आता दोघा नवरा-बायकोंकडे 24,500, म्हणजे 81.67 टक्के. विशेष ठरावाला लागणारी तीन चतुर्थांश मतं घरातच आली. हे आकडे अर्जाच्या पहिल्या दोन पानांत तक्त्यात आले पाहिजेत. न्यायाधीशांना तुमच्या दुःखाआधी हे दिसू द्या.

आधी कागद, मग वकील

लोक उलटं करतात. रागाच्या भरात नोटीस पाठवतात, समोरचा सावध होतो आणि मग रजिस्टर "सीएकडे आहे", "ऑडिटला दिलंय" अशी उत्तरं सुरू होतात. नोटिशीआधी एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर जा. नाममात्र फी भरून कोणत्याही कंपनीची जाहीर कागदपत्रं उघडता येतात. त्यासाठी भागधारक असण्याचीही गरज नाही. तुम्हाला पाहिजेत ते फॉर्म असे: `PAS-3` म्हणजे शेअर वाटपाचं विवरण, `SH-7` म्हणजे अधिकृत भांडवल वाढवल्याची नोंद, `DIR-12` म्हणजे डायरेक्टर आल्या-गेल्याची नोंद, आणि दरवर्षीचे `MGT-7` किंवा `MGT-7A` व `AOC-4`. फॉर्म बघून थांबू नका, त्याला जोडलेले ठराव, याद्या आणि नोटिसा उतरवून घ्या. खरा माल तिथे असतो.

फॉर्ममधल्या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा: वाटप केल्याची तारीख आणि फॉर्म भरल्याची तारीख. `PAS-3` वाटपापासून जास्तीत जास्त तीस दिवसांत भरायचा असतो. आपल्या उदाहरणात वाटप 12 फेब्रुवारी 2024 चं दाखवलंय, पण फॉर्म भरलाय 6 ऑगस्ट 2024 ला, उशिराची जादा फी भरून. ताईने प्लॉटचे कागद मागितले जुलैमध्ये. मागची तारीख टाकून कागद केल्याचा संशय इथे पहिल्यांदा पक्का होतो. मिनिट्सवर कोणतीही तारीख टाकता येते; पोर्टलवर फॉर्म कधी चढला ते मात्र कोणाला मागे नेता येत नाही.

पुढचा प्रश्न पैशांचा. 20,000 शेअर शंभर रुपयांनी म्हणजे वीस लाख. ते कंपनीच्या बँक खात्यात आले का? अनेकदा येतच नाहीत. ताळेबंदात दादाचं "असुरक्षित कर्ज" वीस लाखांनी कमी होतं आणि भांडवल तितकंच वाढतं. कर्जाचे शेअर करता येतात, पण कलम 62(3) खाली तशी अट कर्ज घेण्याआधीच विशेष ठरावाने मंजूर झालेली असावी लागते. नाहीतर दोनच रस्ते उरतात. एक, सगळ्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात लेखी देकार पाठवायचा. दोन, विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन ठरावीक लोकांना शेअर द्यायचे. ताईला देकाराचं पत्र आलेलं नाही. मूल्यांकनाचा अहवालही नाही, आणि असणार तरी कसा? ताळेबंदावरूनच एका शेअरमागे काही हजार रुपयांची मालमत्ता निघते, तिथे शंभराचा भाव कोणता मूल्यांकक लिहून देईल?

आता मला सगळ्यांत आवडतं ते कलम: कोरम, म्हणजे बैठक वैध ठरायला लागणारी किमान हजेरी. बोर्डाच्या बैठकीला किमान दोन डायरेक्टर लागतात. प्रायव्हेट कंपनीच्या सर्वसाधारण सभेला किमान दोन सभासद प्रत्यक्ष हजर लागतात. वाटपाच्या आधी वहिनी ना डायरेक्टर होत्या ना सभासद. म्हणजे दादाला एकट्याने काहीच करता येत नव्हतं. मिनिट्समध्ये ताई किंवा धाकटा यांच्यापैकी कोणीतरी हजर दाखवावाच लागणार. दाखवला धाकटा. आणि धाकट्याच्या पासपोर्टवर शिक्के सांगतात, की 12 फेब्रुवारीला तो दुबईत होता. "व्हिडिओवरून हजर होता" असं उत्तर येईल. तेव्हा विचारा, मिनिट्समध्ये तसं लिहिलंय का आणि रेकॉर्डिंग कुठे आहे. खोट्या सहीसाठी हस्ताक्षरतज्ज्ञ आणून वर्ष घालवण्यापेक्षा पासपोर्टचं एक पान भारी पडतं, कारण ट्रिब्युनलचं काम बहुतेक प्रतिज्ञापत्रांवर चालतं, साक्षी-उलटतपासणीवर नाही.

हे सगळं हातात आल्यावर कंपनीला पत्र लिहा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी. सभासद म्हणून तुम्हाला सभासदांचं रजिस्टर आणि सर्वसाधारण सभांची मिनिट्स बघण्याचा हक्क आहे. हिशेबाच्या वह्या बघण्याचा हक्क मात्र डायरेक्टरचा असतो, नुसत्या भागधारकाचा नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि ते पत्रात भलतंच मागून बसतात. उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. न आलेलं उत्तर हाही अर्जाला लावायचा कागद असतो.

तुम्हाला अर्ज करता येतो का

इथे ताईला कोणीतरी सांगितलं होतं, "दहा टक्क्यांच्या खाली गेलीस, आता संपलं." चूक. कलम 244 मध्ये पर्याय आहेत. जारी भांडवलाचा एक दशांश तुमच्याकडे असावा, किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश संख्येने अर्ज करावा (शंभर सभासद ही वरची मर्यादा आहे). आपल्या कंपनीत वहिनी धरून चार सभासद आहेत. चाराचा दशांश एकापेक्षा कमी, म्हणजे एकटी ताई पुरेशी, शेअर कितीही असोत. घरच्या कंपन्यांत दहाच्या आत सभासद असतील, तर हा दरवाजा जवळपास उघडाच असतो.

हुशार दादा हा दरवाजाही बंद करू बघतो. कारखान्यातल्या आठ-दहा माणसांना एकेक शेअर देऊन सभासद बारा-चौदा करतो. तेव्हा एकाने भागत नाही, धाकट्याची लेखी संमती जोडावी लागते. शिवाय दोन गोष्टी अर्जातच मांडाव्या: ज्या वाटपाला आव्हान दिलंय, त्याच वाटपामुळे हिस्सा घटला असेल तर आधीचे 25 टक्के धरावेत, आणि तेही न मानल्यास कलम 244 च्या परंतुकाखाली अट माफ करावी. माफीचा अर्ज स्वतंत्र करतात.

वडिलांचे शेअर अजून त्यांच्याच नावावर असतील आणि मृत्युपत्रावर वाद असेल, तर जरा थांबा. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये अरुणा ओसवाल प्रकरणात सांगितलंय, की वारशाचा वाद दिवाणी कोर्टात असताना त्या वादग्रस्त शेअरच्या बळावर हा अर्ज चालणार नाही. आधी ज्याच्या नावावर निर्विवाद शेअर आहेत असा सभासद शोधा.

मुदत तीन वर्षांची समजा. "मला कळलं तेव्हापासून" असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर घर बांधू नका. आपल्या उदाहरणात मी 12 फेब्रुवारी 2024 पासूनच मोजतो, म्हणजे फेब्रुवारी 2027 उजाडायच्या खूप आधी अर्ज आत गेला पाहिजे.

अर्जात काय लिहायचं, काय नाही

अर्ज ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठापुढे जातो, कारण नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात आहे. ठाण्याच्या दिवाणी कोर्टात दावा टाकू नका. कलम 430 मुळे तिथे हे विषय चालत नाहीत. ई-फायलिंग करायचं, `NCLT-1` नमुन्यात, सोबत `NCLT-6` प्रतिज्ञापत्र. वकील, कंपनी सेक्रेटरी, सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी कोणीही बाजू मांडू शकतो. प्रतिवादी म्हणून कंपनी, दादा, वहिनी आणि नवे शेअरधारक सगळे घ्या. ज्याचे शेअर रद्द करा म्हणताय, त्यालाच पक्षकार केलं नाही, तर तो आदेश टिकत नाही.

मजकुराबद्दल माझं एक ठाम मत आहे: साठ पानांचा अर्ज बहुधा हरायला निघालेला असतो. वहिनींनी लग्नात काय म्हटलं, आईच्या बांगड्या कोणाकडे आहेत, हे काढून टाका. वाक्यं तारखेने सुरू करा. कंपनीची स्थापना, मूळ हिस्से, कोणी काय काम केलं, मग 12 फेब्रुवारी, मग 6 ऑगस्ट.

सुरुवातीच्या काही परिच्छेदांत ही कंपनी मुळात भागीदारीसारखी होती, हे दाखवावं लागतं. तिघांना सारखा पगार, तिघांच्या सहीने चेक, वडिलांनी लिहिलेलं हिश्श्यांचं पत्र, असं काही. कारण हे: नुसतं डायरेक्टर पदावरून काढलं, लाभांश दिला नाही किंवा विश्वास उडाला, एवढ्याने ऑप्रेशन होत नाही. सुप्रीम कोर्टाने 1965 च्या कलिंग ट्यूब्स निकालात हे स्पष्ट केलं होतं आणि 2021 च्या टाटा-मिस्त्री निकालातही नुसतं पदावरून दूर करणं पुरत नाही हे दिसलं. त्रास सभासद म्हणून झालेला असावा लागतो, नोकर किंवा पदाधिकारी म्हणून नव्हे. भागीदारीसारख्या घरच्या कंपनीत पदावरून काढणं आणि हिस्सा बुडवणं ही एकाच डावाची दोन पावलं ठरू शकतात. पण कणा हवा तो शेअर वाटपाचाच. 2004 च्या डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःला शेअर वाटून बहुमतवाल्याला अल्पमतात ढकललं होतं; कोर्टाने ते विश्वासघात मानून टिकू दिलं नाही. ताईच्या अर्जाचा पाया तोच.

ताईला डायरेक्टर पदावरून कसं काढलं तेही बघा. `DIR-12` मध्ये कारण दिलंय, की ती बारा महिने एकाही बोर्ड बैठकीला आली नाही, म्हणून कलम 167 खाली पद आपोआप रिकामं झालं. हे हत्यार फार लोकप्रिय आहे: नोटीस पाठवायचीच नाही आणि मग गैरहजेरी मोजायची. बैठकीची नोटीस सात दिवस आधी, नोंदवलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर जावी लागते. कंपनीकडून नोटीस पाठवल्याचा पुरावा मागा आणि आपला ईमेल पत्ता कंपनीच्या नोंदीत कोणता आहे ते आधी तपासा. एका अशिलाच्या बाबतीत नोटिसा खरोखर गेल्या होत्या, त्याच्या आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या ईमेलवर. तो मुद्दा आम्हाला गाळावा लागला.

एक वाक्य नवखे हमखास विसरतात. कलम 242 नुसार दिलासा मिळायला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: कारभार सभासदाला जाचक किंवा कंपनीला घातक पद्धतीने चालला आहे, आणि या वस्तुस्थितीवर कंपनी न्याय्य कारणाने गुंडाळता आली असती, पण गुंडाळल्याने अर्जदाराचंच अन्यायकारक नुकसान होईल. दुसरा भाग स्पष्ट शब्दांत आणि कारणांसह लिहा. आपल्या उदाहरणात कारण सरळ आहे: कारखाना चालू आहे, ऑर्डरी आहेत, बंद पडला तर मशिनरी भंगाराच्या भावात जाईल.

आणि स्वतःचे हात तपासा. ताईच्या नवऱ्याची त्याच धंद्यातली फर्म असेल, कंपनीकडून घेतलेलं कर्ज फिटलेलं नसेल, तर ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. उत्तरात ते येणारच आहे. आपण आधी सांगितलं तर ते खुलासा ठरतं, त्यांनी सांगितलं तर लपवाछपवी.

मागायचं काय

मागण्यांचा क्रम पैशाने ठरतो. समजा प्लॉटसकट कंपनीची निव्वळ किंमत सहा कोटी आहे. 25 टक्क्यांना दीड कोटी येतात, 8.33 टक्क्यांना पन्नास लाख. कोणी घाईत फक्त "माझे शेअर विकत घ्या" असं मागतो आणि एक कोटीवर पाणी सोडतो. म्हणून पहिली मागणी ही, की 20,000 शेअरचं वाटप रद्द करा आणि सभासदांचं रजिस्टर दुरुस्त करा. दुसरी, डायरेक्टर पद रिकामं झाल्याची नोंद रद्द करा. तिसरी, कंपनीचा जो पैसा दादाने वैयक्तिक वळवला तो वसूल करा. त्यासाठी स्वतंत्र लेखापरीक्षक नेमा. आरोपाला आकडा आणि व्हाउचर नसेल तर ही मागणी गाळली तरी चालेल, नुसत्या संशयाने बाकीचं पातळ होतं.

शेअर खरेदीची मागणी शेवटी, पर्यायी म्हणून. त्यात तीन गोष्टी नावानिशी लिहा: मूल्यांकन स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांककाने करावं, तारीख वाटपाच्या आधीची धरावी, आणि हिस्सा अल्पमताचा आहे म्हणून भाव कमी करू नये. मूल्यांकनात एमआयडीसीच्या प्लॉटचे हक्क बाजारभावाने धरावेत हेही लिहा. ताळेबंदात तो प्लॉट वडिलांनी घेतला त्या किमतीला बसलेला असतो, आणि खरी संपत्ती पत्र्याच्या पेट्यांत नसते, त्या जमिनीत असते.

अंतरिम आदेश कलम 242(4) खाली वेगळा मागतात आणि तो पहिल्याच तारखेला मागायचा असतो. इथे हाव करू नका. कारखाना दादाच्या हातून काढून प्रशासक नेमा म्हणालात, तर कामगार आणि बँक दाखवून समोरचे वकील सहानुभूती मिळवतात. जैसे थे मागा: शेअर हिस्से, संचालक मंडळ आणि स्थावर मालमत्ता आहे तशी राहावी. आदेश मिळाला की त्याची प्रत एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या, कारण भाडेपट्टा हस्तांतर करायला त्यांची परवानगी लागते. पण प्लॉट न विकता अख्खी कंपनीच तिसऱ्याला विकता येते, म्हणून आदेशात शेअर हस्तांतराचा उल्लेख हवाच.

दाखल केल्यावर

रजिस्ट्री त्रुटी काढते: अस्पष्ट प्रती, पान क्रमांक, मराठी कागदाचं भाषांतर नाही. वडिलांचं हिश्श्यांचं पत्र मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. मग क्रमांक पडतो, नोटीस निघते, उत्तर येतं, तुमचं प्रत्युत्तर जातं. कायद्यात तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. ट्रिब्युनल आहे त्या कफ परेडला सीएसएमटीवरून टॅक्सीने जाताना ते आठवून हसू येतं; मनाची तयारी वर्षांची ठेवा. बऱ्याच तारखा व्हिडिओवरून होतात, तेवढं बरं.

उत्तरात दादा नवे कागद जोडेल. त्यांची तुलना पोर्टलवरून काढलेल्या प्रतींशी ओळीओळीने करा. एकाच बैठकीची दोन वेगळी मिनिट्स निघतात, असं मी एकदाच नाही पाहिलं. दुसऱ्या वेळी लिहिताना आधी काय लिहिलं होतं ते लक्षात राहत नाही.

मधेच तडजोडीचा प्रस्ताव येईल, बहुधा अंतरिम आदेशानंतर लगेच, कारण तेव्हा बँक कर्जाचं नूतनीकरण करताना प्रश्न विचारू लागते. ऐकून घ्या. पण तोंडी शब्दावर अर्ज मागे घेऊ नका. मागे घ्यायलाही ट्रिब्युनलची परवानगी लागते. तडजोडीच्या अटी लिहून आदेशात आणा: रक्कम, हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर व्याज, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत शेअर ताईच्याच नावावर. आणखी एक, जी लोक विसरतात: वडिलांच्या काळापासून कंपनीच्या बँक कर्जाला ताईची वैयक्तिक हमी असेल, तर शेअर देताना ती सोडवून घ्या. बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी बँकेची नोटीस खारघरच्या दारात आलेली मी पाहिली आहे.

निकाल विरुद्ध गेला तर प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत अपील. बाजूने गेला तर प्रमाणित प्रत तीस दिवसांत `INC-28` फॉर्मने रजिस्ट्रारकडे जायला हवी. ती कंपनीने भरायची असते आणि कंपनी दादाच्या हातात आहे, त्यामुळे पोर्टलवर ती चढली का हे तुम्हीच बघायचं. नंतर पुढच्या वर्षीचं `MGT-7` उघडा, भागधारकांची यादी काढा, आणि एकूण 10,000 पैकी आपल्या नावापुढे 2,500 आहेत का ते मोजा.